शेतीचा खंड-बटईचा कागद कसा वाचायचा आणि जमीन मालकासाठी त्याचं टिपण कसं काढायचं

तालुक्याच्या ठिकाणी वकिलांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं कागद वाचायचं काम करतोय आणि त्यात सगळ्यात चुकीचा वाचला जाणारा कागद कुठला असेल तर तो शेती दुसऱ्याला कसायला दिल्याचा. मालक पुण्यात किंवा मुंबईत, जमीन गावाला, तीन पानी कागद कुणीतरी टाईप करून दिलेला. मग कधीतरी भांडण होतं नाहीतर जमीन विकायची वेळ येते आणि तेव्हा लोक कागद काढतात, आकडा तेवढा बघतात आणि बाकी सोडून देतात. म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहितोय. मी धरलाय तो 1948 चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकण. मराठवाड्यात हैदराबादचा 1950 चा कायदा लागतो आणि विदर्भात 1958 चा वेगळा आहे, तिथली कलमं वेगळी, त्यामुळे तिथल्यांनी टिपण काढायची पद्धत घ्यावी पण कलम नंबर इथून उचलू नयेत.

सोबत एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो. श्रीगोंदा तालुक्यातली विहीर बागायत जमीन, मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, पुण्यात राहतात, आपण त्यांना ताई म्हणू. शेजारच्या दादांना जमीन दिलीय. कागदावर शीर्षक "वाटेकरी करारनामा", पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, एकूण 12 कलमं.

टप्पा 1: वाचायच्या आधी समोर काय काय पाहिजे

नुसता करार घेऊन बसू नका. त्याच गटाचा ताजा सातबारा काढा, डिजिटल सहीचा 15 रुपयात ऑनलाईन मिळतो. जमले तर जुने दोन-तीन सातबारेही घ्या. सातबाऱ्यावर "कुळ, खंड व इतर अधिकार" असा रकाना असतो तो आधी वाचा, कारण तिथे आधीपासून कोणाचं नाव लागलेलं असेल तर समोरचा नवा कागद हा अर्धीच गोष्ट सांगतोय. मग गाव नमुना 12 मध्ये गेल्या दोन-तीन वर्षात कुठली पिकं लागली ते बघा आणि ई-पीक पाहणी कोणी केली, कोणाच्या मोबाईलवरून, हे मालकाला सरळ विचारा. पैसे कसे आले तेही विचारा, रोख, फोनवरून, का बँकेत, आणि पावती दिली का.

त्यानंतर एक कोरा कागद घेऊन चार रकाने आखा: कागदात काय लिहिलंय (शब्द जसेच्या तसे), कितव्या पानावर कितवं कलम, त्याचा हिशोबात अर्थ काय, आणि काय लिहिलेलंच नाही. चौथा रकाना लोक आखतच नाहीत आणि भांडणं सगळी त्यातूनच येतात.

सावधान: मालक तोंडी जे सांगतील ते टिपणात घ्यायचं असेल तर पुढे "तोंडी" असं लिहा. ताई म्हणाल्या की वीजबिल दादा भरतात, कागदात म्हटलंय निम्मं-निम्मं. दोन्ही लिहायचं, आपल्या मनाने एक निवडायचं नाही.

टप्पा 2: शीर्षक बाजूला ठेवा, व्यवहार कुठला आहे ते ठरवा

"वाटेकरी करारनामा", "मजुरीने शेती करणेचा करार", "सहकार्य करार", काहीही नाव दिलेलं असतं. नावाने काही ठरत नाही. कागदात तीन प्रश्नांची उत्तरं शोधा: जमिनीत प्रत्यक्ष कोण राबतंय, त्याला मोबदला कशात मिळतोय, आणि मालक स्वतः देखरेख करतो का.

रोख ठरलेली रक्कम मालकाला मिळते तो खंड, काही भागात मक्ता किंवा ठेका म्हणतात. पिकाचा हिस्सा मिळतो ती बटई, अर्धेली, निम्मा वाटा. आणि मालकच पगार देतो, माल सगळा मालकाचा, तो सालगडी.

इथे एक फरक नीट समजून घ्या, तो मोठ्या मोठ्यांचा चुकतो. 1948 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो, आणि त्यातून जे वगळलेत त्यात मालकाच्या घरचा माणूस आहे, मालकाच्या देखरेखीखालचा मजूर आहे आणि पगारी गडीही आहे, पण गड्याचा पगार रोख किंवा वस्तूत पाहिजे, पिकाच्या हिश्श्यात नाही. म्हणजे कागदावर "गडी" लिहिलं आणि मोबदला मात्र "उत्पन्नाचा चौथा हिस्सा" असा लिहिला तर तो माणूस या अपवादात बसतच नाही. लोक कूळ लागू नये म्हणून मुद्दाम मजुरीचा कागद करतात आणि त्यातच वाटा घालून ठेवतात.

ताईंच्या कागदात कलम 4 खरिपाला रोख खंड सांगतं आणि कलम 6 रब्बीच्या कांद्यात निम्मा वाटा. म्हणजे एकाच कागदात दोन व्यवहार. टिपणात दोघांना वेगळ्या ओळी द्यायच्या, "खंड/बटई" असं एकत्र कोंबायचं नाही.

तपासा: पुढे जायच्या आधी तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की "अमुक हंगामात रोख, अमुक हंगामात वाटा, राबणारा अमुक". सांगता येत नसेल तर परत वाचा.

टप्पा 3: क्षेत्र आणि खंडाची रक्कम

आधी क्षेत्र, मग रक्कम, हा क्रम उलटा करू नका कारण खंड एकरी ठरलेला असतो.

ताईंच्या कागदात "4 एकर 10 गुंठे". सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, त्यावर एकूण 1 हेक्टर 72 आर, त्यातलं पोटखराब 12 आर आणि लागवडीखालचं 1 हेक्टर 60 आर. 1 हेक्टर 72 आर म्हणजे साधारण 4 एकर 10 गुंठेच, तिथे कागद बरोबर. पण लागवडीचं क्षेत्र 3 एकर 38 गुंठेच भरतं. खंड एकरी 8,000 लिहिलाय. पूर्ण क्षेत्रावर 34,000 होतात, लागवडीच्या क्षेत्रावर 31,600. दादांनी 31,600 दिले आणि ताई वर्षभर म्हणत होत्या की 2,400 कमी दिले. कागदात कुठल्या क्षेत्रावर ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे दोघंही आपापल्या जागी बरोबर. टिपणात दोन्ही आकडे लिहा आणि चौथ्या रकान्यात "कोणतं क्षेत्र धरायचं ते नाही" असं लिहा.

मग रकमेबद्दल शोधायच्या गोष्टी: कधी द्यायची (पेरणीआधी की काढणीनंतर), कशी द्यायची, पाऊस गेला तर माफी आहे का, अनामत किती आणि ती परत कधी. शेतसारा, पाणीपट्टी आणि मोटरचं बिल कोणावर हेही इथेच.

आता एक गोष्ट मालकाला ऐकायला आवडत नाही पण टिपणात पाहिजेच. या कायद्यात कुळाकडून घ्यायच्या खंडाला कमाल मर्यादा आहे, आकाराच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या पाच पट किंवा एकरी 20 रुपये यातलं जे कमी असेल ते. बाजारात एकरी हजारो रुपये चालतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण उद्या वसुलीसाठी तहसीलदारांसमोर गेलात आणि समोरचा कूळ ठरला तर कागदावरच्या 8,000 चं तिथे काय होईल हे मालकाला आधी कळलेलं बरं. आणि खंड घेतला की पावती द्यायची जबाबदारी मालकाची आहे, पावती टाळणं ही हुशारी नाही.

टप्पा 4: पिकाचा वाटा, इथे घाई करायची नाही

कलम 6 चे शब्द असे: "रब्बी कांदा पिकामध्ये खर्च वजा जाता निम्मा निम्मा हिस्सा राहील." वाचायला एकदम साफ वाटतं. पण हिशोब करून बघा.

समजा कांदा विकल्याची पट्टी एकूण 2,10,000 आली. बी, खत, औषध, बाहेरची मजुरी मिळून 70,000 खर्च झाला. "खर्च वजा जाता" याचा साधा अर्थ घेतला तर 1,40,000 उरले, निम्मे 70,000 ताईंचे. पण ताईंच्या डोक्यात असं होतं की खर्च दादांचा आणि मालात निम्मा, म्हणजे 1,05,000. आणि दादांनी जो हिशोब आणला त्यात घरच्या माणसांची मजुरी 30,000 धरली होती, म्हणजे खर्च 1,00,000 आणि ताईंच्या वाट्याला 55,000. एकाच वाक्याचे तीन अर्थ आणि मधे 50,000 चा फरक. यात कोणी कोणाला फसवत नव्हतं हे मी मुद्दाम सांगतो, घरच्या बाया तीन महिने वाफ्यात बसून राबल्या असतील तर ती मजुरी धरावी असं वाटणं चूक नाही, फक्त ते आधी लिहायला पाहिजे होतं.

म्हणून वाट्याचं कलम वाचताना टिपणात हे सुटं सुटं लिहा:

- वाटा कशाचा: शेतातल्या मालाचा, वजनाचा, का पट्टीच्या पैशाचा. पट्टीचा असेल तर हमाली, तोलाई, गाडीभाडं कापायच्या आधीचा का नंतरचा.
- खर्चात काय काय येतं आणि घरची मजुरी येते का.
- खर्च आधी कोण घालतो आणि बिलं कोण सांभाळतो.
- चारा, कडबा, पात, गळालेला माल कोणाचा.
- पीक बुडालं तर घातलेला खर्च कोणाच्या अंगावर, आणि पीकविम्याचे पैसे किंवा सरकारी मदत आली तर कोणाची.

शेवटचा मुद्दा बहुतेक कागदात नसतोच. मदत मालकाच्या खात्यावर येते, नुकसान कसणाऱ्याचं झालेलं असतं, आणि गावात कायमचं बोलणं बंद होतं.

तपासा: मागच्या हंगामाची खरी पट्टी घ्या आणि कलमात लिहिल्याप्रमाणे आकडा काढून बघा. एकापेक्षा जास्त उत्तरं येत असतील तर सगळी लिहा.

टप्पा 5: मुदत

"पाडवा 2026 ते पाडवा 2027", ताईंच्या कागदात तारखा नाहीत एवढंच आहे. आपल्याकडे हे सर्रास चालतं. पण तारखा घालून मोजा: 2026 चा पाडवा 19 मार्चला आणि 2027 चा 7 एप्रिलला, कारण मधे 2026 मध्ये अधिक महिना येतो. म्हणजे 384 दिवस. आदल्या पाडव्यापासून मोजलं असतं तर 30 मार्च 2025 ते 19 मार्च 2026 म्हणजे 354 दिवस. "एक वर्ष" म्हणून लिहिलेला कागद एका वेळी वर्षाच्या आत आणि दुसऱ्या वेळी वर्षाच्या बाहेर जातो.

याने काय बिघडतं, तर 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा, किंवा सालोसालचा, किंवा वार्षिक भाडं ठरवलेला भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर त्यातल्या अटी सिद्ध करायला तो कागद पुरावा म्हणून चालत नाही. आता पहिल्या पानावर दस्त क्रमांक आहे का बघा. नोटरीचा शिक्का आणि रजिस्टर नंबर म्हणजे नोंदणी नाही, ही चूक मी आठवड्यातून एकदा तरी बघतो.

सावधान: नोंदणी नाही म्हणजे मालक सुटला असंही नाही. कूळ आहे की नाही हे ठरताना तोंडी व्यवहारसुद्धा बघतात, साक्षीदार, पावत्या, पीक पाहणी. म्हणजे अटी सिद्ध होत नाहीत, पण कसणं सिद्ध होतं. यात तोटा मालकाचाच जास्त.

मुदतीत अजून दोन गोष्टी. "उभयपक्षी संमतीने पुढे चालू राहील" असं वाक्य असेल तर ते लाल पेनाने लिहा, कारण कोणी काही बोललंच नाही तर मुदत संपली का चालू राहिली हे कागद सांगत नाही. आणि उभं पीक. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावला की एप्रिल-मे मध्ये निघतो, म्हणजे 7 एप्रिलला मुदत संपते तेव्हा कांदा वावरातच आहे. काढेपर्यंत दादांनी थांबायचं का, त्या दिवसांचं पाणी आणि राखण कोणाची, कागदात एक शब्द नाही.

टप्पा 6: कसणाऱ्याचे हक्क

इथे टिपणाचे दोन भाग करा. एक, कागदाने दिलेले हक्क: विहिरीचं पाणी, मोटर, गोठा, वहिवाटीचा रस्ता, झाडांची फळं, पोटभाड्याने देता येतं का. दुसरा, कायद्याने मिळणारे हक्क, जे कागदात लिहिलेले नसतात किंवा उलट लिहिलेले असतात.

ताईंच्या कागदात कलम 8: "वाटेकरी यांस कूळ हक्क प्राप्त होणार नाही व ते तसा हक्क सांगणार नाहीत." ताईंचा सगळा भरवसा या एका ओळीवर होता. पण टिपणात मला असं लिहावं लागलं की ही ओळ आहे, आणि तिच्यावर विसंबता येत नाही. कूळ हे कायद्याच्या कलम 4 च्या कसोटीवर ठरतं, दोघांनी कागदावर नाही म्हटलं म्हणून नाही. कुळाला हक्क सोडायचा असेल तर कलम 15 प्रमाणे लेखी राजीनामा आणि तो तहसीलदारांसमोर पडताळलेला पाहिजे. आधीच छापून घेतलेलं वाक्य म्हणजे तो राजीनामा नाही.

मग टिपणात कायद्याचा भाग साध्या भाषेत असा उतरवला:

- 1 एप्रिल 1957 म्हणजे कृषक दिनानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीत स्वतः कसणाऱ्या कुळाला कलम 32-ओ खाली जमीन विकत घ्यायचा हक्क आहे, त्यासाठी वहिवाट सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवायचं असतं. मालक सैन्यात असेल तर वेगळं आहे, ते वकिलांना विचारा.
- मालकाला कुळाकडून ताबा परस्पर घेता येत नाही, तहसीलदारांचा आदेश लागतो. कलम 29. बांध टाकणं, मोटरची वायर काढणं हे करायला जाऊ नका.
- खंड थकवला म्हणून काढायचं असेल तरी कलम 14 खाली आधी तीन महिन्यांची लेखी नोटीस.
- कुळाने स्वतः लावलेल्या झाडांचं उत्पन्न त्याचं, आणि वहिवाट संपली तर भरपाई.
- कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी कोर्ट ठरवत नाही, कलम 70 प्रमाणे तहसीलदार ठरवतात. म्हणून ताईंच्या कलम 11 मधलं "न्यायक्षेत्र पुणे" हे या प्रश्नापुरतं कामाचं नाही.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. पहिला, "11 महिन्यांचा केला की कूळ लागत नाही". अकरा महिन्यांनी फारतर नोंदणीचा प्रश्न टळेल, कुळाचा नाही, घरभाड्याचा नियम शेतीला लावलेला आहे तो. उलट "खंडाने कसायला दिली" असं लिहिलेला 11 महिन्यांचा कागद हा कायदेशीरपणे कसत असल्याचा पुरावाच आहे. दुसरा, "बारा वर्षं कसली की जमीन त्याची". बारा वर्षांचा विषय मालकाविरुद्ध उघड ताबा ठेवणाऱ्याचा असतो, परवानगीने आणि वाट्याने कसणाऱ्याचा नाही. कुळाच्या हक्काला बारा वर्षं थांबावं लागत नाही, हे त्यातलं खरं.

सावधान: टिपणात "हे कूळ आहेत" किंवा "कूळ नाहीत" असा निकाल लिहू नका. कोणत्या गोष्टी कोणत्या बाजूने जातात तेवढं लिहा. आणि हे टिपण कुणाचा हक्क कसा बुडवायचा यासाठी नाही, दादांनी तीन वर्षं विहिरीचा गाळ स्वतः काढलाय तर तेही त्यात यायला पाहिजे.

टप्पा 7: एका पानात उतरवा

आता चार रकान्यांचं एक पान करा, जास्त नको. ताईंचं असं झालं:

खंड: कलम 4, पान 1. खरीप, एकरी 8,000 रोख, पेरणीआधी. 34,000 किंवा 31,600. क्षेत्र कोणतं, दुष्काळात माफी, पावती: नाही.

वाटा: कलम 6, पान 2. रब्बी कांदा, खर्च वजा जाता निम्मा. 2,10,000 च्या पट्टीवर 70,000, 55,000 किंवा मालकाच्या समजुतीने 1,05,000, पण हा तिसरा अर्थ कलमाच्या शब्दात बसत नाही. घरची मजुरी, चारा, विमा: नाही. वीजबिल: कलम 7 निम्मं, तोंडी सगळं दादांकडे.

मुदत: कलम 3, पान 1. पाडवा ते पाडवा, 19 मार्च 2026 ते 7 एप्रिल 2027, 384 दिवस. दस्त क्रमांक नाही. उभं पीक: नाही.

हक्क: पाणी आणि रस्ता कलम 5. कलम 8 मध्ये कूळ हक्क नाही असं लिहिलंय, त्यावर विसंबू नये. सातबाऱ्याच्या कुळाच्या रकान्यात नोंद नाही. ई-पीक पाहणी दादांच्या मोबाईलवरून, ताईंच्या नावाने. खंडाची एक रक्कम बँकेतून, बाकी रोख.

खाली वकिलांना विचारायचे तीन प्रश्न: कलम 32-ओ ची एक वर्षाची मुदत नेमकी कधीपासून मोजायची, कारण दादा हा कागद व्हायच्या आधीही दोन वर्षं कसत होते. नवीन कागद करायचा तर तो कोणत्या स्वरूपाचा. आणि आत्ता वावरात उभं असलेलं पीक निघेपर्यंत काय लिहून ठेवायचं.

शेवटी हे पान मालकाला नुसतं देऊ नका, शेजारी बसून मूळ कागद उघडा आणि प्रत्येक ओळीला कलमावर बोट ठेवून दाखवा. ताईंनी कलम 6 त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचलं, आणि दादांना फोन करून आधी घरच्या मजुरीचं विचारलं.